पिटी काउंटर चुकीच्या जागी शून्यावर येतोय का? हिशेब मांडून कसं तपासायचं

पैसे किंवा खेळातलं चलन देऊन नशिबाने वस्तू मिळवायच्या गाचा खेळात नव्याने उतरलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते: "०.६ टक्के लिहिलंय, पण मला काहीच पडत नाही." या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही, आणि कंपनीचा सपोर्ट त्याला तयार उत्तर पाठवून मोकळा होतो. मात्र काही खेळांत खरंच बिघाड असतो. पिटीचा काउंटर नको तिथे शून्यावर येतो आणि जाहीर केलेली शक्यता व हातात पडणारी शक्यता वेगळी होते. हा बिघाड पकडायला गणित फारसं लागत नाही. आपल्या पुलांची, म्हणजे अशा प्रत्येक सोडतीची, नोंद आणि एक साधी स्प्रेडशीट पुरते. मी खेळांच्या टेस्टिंगमध्ये काम करते आणि हीच तपासणी वारंवार करते, म्हणून ती पायरी-पायरीने सांगते.

आधी पिटी म्हणजे काय ते. तुम्ही पुल करत जाता, दुर्मीळ वस्तू पडत नाही, तसतसा सर्व्हरवर तुमच्या नावाचा एक आकडा वाढत जातो. तो ठरलेल्या मर्यादेला पोचला की वस्तू द्यावीच लागते. याला हार्ड पिटी म्हणतात. वस्तू पडली की आकडा शून्य होतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. मर्यादा जवळ आली की शक्यता हळूहळू वाढवणारे खेळही आहेत. त्या वाढीला सॉफ्ट पिटी म्हणतात. आपला सगळा विषय त्या एका आकड्याचा आहे: तो कधी वाढतो आणि कधी शून्य होतो.

पायरी १: खेळाने नेमकं काय कबूल केलंय ते उतरवून घ्या

बॅनर म्हणजे ठरावीक वस्तूंची सोडत; त्याच्या पानावर तपशिलाचं बटण असतं. ते उघडा, मजकूर वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण बॅनर बदलला की ते पान गायब होतं. चार गोष्टी हव्यात: एका पुलाचा मूळ दर, हमी धरून एकूण दर, हमीची मर्यादा आणि काउंटर कधी शून्य होतो किंवा पुढच्या बॅनरवर जातो याचा नियम.

गेन्शिन इम्पॅक्ट हा खेळ २०२० साली आला आणि त्याची पद्धत पुढे अनेकांनी उचलली, म्हणून आकडे त्याचेच घेऊ. कॅरेक्टर बॅनरवर पाच-स्टारचा, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ वस्तूचा, मूळ दर ०.६ टक्के, हमी धरून एकूण दर १.६ टक्के आणि मर्यादा ९० पुलांची. नवखा माणूस इथेच अडखळतो. त्याला वाटतं, प्रत्येक पुलाला १.६ टक्के मिळायला हवेत. तसं नाही. १.६ ही लांबवरची सरासरी आहे आणि तिच्यात हमीने मिळालेल्या वस्तूही धरलेल्या आहेत. साधारण ६२-६३ पुलांमागे एक, असा त्याचा अर्थ.

हे आकडे एकमेकांशी जुळतात का तेही पाहता येतं. दर पुलाला ०.६ टक्के आणि ९०व्या पुलाला हमी, एवढंच धरलं तर सरासरी अंतर येतं ६९.७ पुल, म्हणजे दर सुमारे १.४३ टक्के. जाहीर दर त्याहून जास्त आहे. याचाच अर्थ ९०च्या आधी कुठेतरी शक्यता वाढते. खेळाडूंनी जमवलेल्या नोंदींवरून ही वाढ ७४व्या पुलाच्या आसपास सुरू होते असं दिसतं. तुमच्या खेळाचे आकडे घेऊन हाच हिशेब करा:

```
average gap = (1 - (1 - p)^N) / p
```

इथे `p` म्हणजे मूळ दर (०.६ टक्के असेल तर 0.006) आणि `N` म्हणजे हमीची मर्यादा. १ला या उत्तराने भागलं की एकूण दर मिळतो. जाहीर केलेला एकूण दर तुमच्या उत्तराहून जास्त असेल तर खेळात सॉफ्ट पिटी आहे. कमी असेल तर जाहीर आकड्यांतच मेळ नाही, आणि एकही पुल न करता तुम्हाला विचारायला एक चांगला प्रश्न मिळाला.

पायरी २: पुलांची नोंद बाहेर काढा

बहुतेक खेळांत पुलांचा इतिहास दाखवणारं पान असतं. ते ठरावीक महिन्यांपुरतंच मागचं दाखवतं, म्हणून आज काही शंका नसली तरी नोंद उतरवायला लागा. नुकतेच केलेले पुल तिथे दिसायला कधी कधी वेळ लागतो. पुल केल्या केल्या पान उघडून "माझे पुल गायब झाले" असं समजू नका.

उतरवताना क्रम महत्त्वाचा. टेन-पुल म्हणजे एकदम केलेले दहा पुल; त्यातल्या दहाही वस्तूंवर एकच वेळ छापलेली असते आणि यादी ताज्याकडून जुन्याकडे जाते, त्यामुळे त्या दहांतली सगळ्यात खालची वस्तू आधी पडलेली असते. टेन-पुल संपल्यावर दिसणाऱ्या निकालाच्या चित्रावर विसंबू नका. अनेक खेळांत तिथे दुर्मीळ वस्तू पुढे आणून मांडतात, त्यावरून ती कितव्या पुलाला पडली ते कळत नाही. पुढचा सगळा मुद्दा "दहांतली कितवी" यावरच उभा आहे, म्हणून इथे घाई नको.

प्रत्येक प्रकारच्या बॅनरची वेगळी शीट करा. कॅरेक्टरचा काउंटर वेगळा, शस्त्रांचा वेगळा, कायमच्या बॅनरचा वेगळा. हे एकत्र केले की अंतरं हमखास चुकतात आणि नसलेला बिघाड दिसायला लागतो. उलट, एकाच प्रकारचे दोन बॅनर एकाच काउंटरवर चालत असतील (गेन्शिनचे एकाच वेळी चालणारे दोन कॅरेक्टर बॅनर तसे चालतात) तर ते एकाच शीटवर, वेळेच्या क्रमाने लावा.

पायरी ३: स्वतःचा काउंटर चालवा

शीटमध्ये A रकान्यात अनुक्रमांक, B मध्ये वेळ, C मध्ये एकेरी पुल की टेन-पुल आणि टेन-पुल असेल तर कितवा, D मध्ये किती स्टार. E मध्ये आपला काउंटर. `E2` मध्ये 1 लिहा, `E3` मध्ये हे सूत्र टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=IF(D2=5, 1, E2+1)
```

ज्या ओळीत पाच-स्टार आहे त्या ओळीतला E चा आकडा म्हणजे मागच्या पाच-स्टारपासूनचं अंतर. सगळी अंतरं एका बाजूला उतरवून काढा. पहिलं अंतर अर्धवट असू शकतं, कारण इतिहास मधूनच सुरू झालेला असतो; त्यावर पेन्सिलीची खूण ठेवा. ते खरं अंतर याहून मोठंच असणार, छोटं नाही. तेव्हा ते पहिलंच अंतर मर्यादेपलीकडे गेलं तर तोही पुरावाच आहे.

आता माझं सगळ्यात ठाम मत सांगते. टक्केवारीच्या मागे लागू नका, अंतरांकडे बघा. मर्यादा ९० असेल तर ९१चं एकच अंतर पुरेसं आहे. तिथे नशिबाचा प्रश्नच उरत नाही. टक्केवारीवरून तेच सिद्ध करायला एकट्याच्या नोंदी फार कमी पडतात. मूळ दर ०.६ आणि ९०ला हमी असलेल्या साध्या खेळात ५०० पुलांत सरासरी सात पाच-स्टार पडतात, बहुतेकांना पाच ते नऊ. काउंटर पूर्ण बंद पडला असेल तर सरासरी तीन, पण पाच-सहा मिळालेले लोकही निघतातच. म्हणजे पाच मिळालेला माणूस दोन्हींपैकी कुठल्याही खेळात असू शकतो. त्याच माणसाची अंतरं मांडली की उत्तर ताबडतोब मिळतं.

पायरी ४: एक बिघाड जवळून

ज्या बिघाडावर मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे तो टेन-पुलचा. तो सहज होतो आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

तो होतो कसा ते आधी. एकेरी पुलात सर्व्हर प्रत्येक वेळी काउंटर वाचतो, वाढवतो आणि परत लिहितो. टेन-पुलमध्ये हे दहा वेळा करण्यापेक्षा प्रोग्रॅमर दहा निकाल एकदम काढतो आणि शेवटी एकदाच डेटाबेसमध्ये लिहितो. लिहिताना विचार असा होतो: या दहांत पाच-स्टार निघाला का? निघाला तर काउंटर शून्य, नाहीतर दहा मिळवा. वाचायला बरोबर वाटतं. पण पाच-स्टार तिसऱ्या जागी निघाला असेल तर त्यानंतरचे सात पुल रिकामे गेलेत. काउंटरवर ७ असायला हवेत, आणि तिथे शून्य बसतं. पैसे दिलेले सात पुल मोजणीतून गेले.

आता एक नमुना हिशेब मांडू. खेळ साधा: मूळ दर ०.६, मर्यादा ९०, सॉफ्ट पिटी नाही. खेळाडू फक्त टेन-पुल करतो. पहिले चार टेन-पुल रिकामे. पाचव्यात तिसऱ्या जागी पाच-स्टार, म्हणजे एकूण ४३वा पुल. ४४ ते ५० हे सात पुल रिकामे. नियमाप्रमाणे पुढची हमी ४३ अधिक ९०, म्हणजे १३३व्या पुलाला. बिघडलेल्या सर्व्हरने मात्र ५०व्या पुलानंतर काउंटर शून्य केला, त्यामुळे त्याच्या लेखी हमी १४०व्या पुलाला.

खेळाडू टेन-पुल मारत राहतो. ५१ ते ६०, ६१ ते ७०, असं करत १३१ ते १४०. याच शेवटच्या दहांत १३३ पण येतो आणि १४० पण. म्हणजे पाच-स्टार जिथे मिळायला हवा होता त्याच टेन-पुलमध्ये तो मिळाला, फक्त तिसऱ्याऐवजी दहाव्या जागी. पडद्यावर काहीच वावगं दिसत नाही. नुकसान इतकंच की बरोबर चालणाऱ्या खेळात १४०व्या पुलानंतर त्याच्या खात्यावर ७ मोजलेले असते, आणि इथे शून्य आहेत. म्हणून हा बिघाड लपतो. शीटवर मात्र १४०व्या ओळीत E रकान्यात ९७ येतं, आणि ९०ची हमी असलेल्या खेळात ९७ येऊच शकत नाही.

ज्याला हा बिघाड डोळ्यांसमोर दिसतो तो जपून खेळणारा माणूस. मर्यादा जवळ आली की असे लोक जास्तीचे पुल वाया जाऊ नयेत म्हणून एकेक पुल करतात. वरच्याच उदाहरणात त्याने १३०पर्यंत टेन-पुल मारले आणि पुढे एकेरीवर आला. १३१ रिकामा, १३२ रिकामा, १३३ रिकामा. इथे हमी तुटली. पुढे १४०पर्यंत त्याला सात पुल जास्तीचे करावे लागतात. गेन्शिनसारख्या किमतीने, म्हणजे एका पुलाला प्रिमोजेम या खेळातल्या चलनाचे १६० नग, धरलं तर हे ११२० प्रिमोजेम झाले. चॅटमध्ये हा माणूस "९० झाले, काही नाही" म्हणतो तेव्हा बाकीचे त्याला मोजायला चुकलास म्हणून गप्प करतात. त्याच्याकडे शीट असेल तर तसं होणार नाही.

असं ९०पलीकडचं अंतर दिसायला किती वाट बघावी लागेल? फक्त टेन-पुल करणाऱ्याच्या बाबतीत, या नमुना खेळात साधारण पाचांतल्या एका अंतरात ते दिसतं. त्यासाठी दोन गोष्टी लागोपाठ घडाव्या लागतात: एक पाच-स्टार दहांच्या मधेच पडावा आणि त्याच्या पुढची फेरी हमीपर्यंत जावी. बारा-पंधरा अंतरं जमली आणि त्यांतलं एकही ९०पलीकडे नसेल, तर हा विशिष्ट बिघाड तुमच्या खेळात बहुधा नाही.

सॉफ्ट पिटी असेल तर हाच बिघाड वेगळा दिसतो

सॉफ्ट पिटीच्या खेळात फेरी ९०पर्यंत जवळजवळ जातच नाही. सात-आठ पुल हरवले तरी पाच-स्टार ८३-८४ला पडतो आणि तुम्ही "मर्यादेच्या आत मिळाला" म्हणून समाधान मानता. इथे ९०पलीकडच्या अंतराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

अशा वेळी अंतरांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात, ज्यांच्या आधीचा पाच-स्टार टेन-पुलच्या मधेच (पहिल्या ते नवव्या जागी) पडला होता अशी अंतरं. दुसऱ्यात, ज्यांच्या आधीचा पाच-स्टार एकेरी पुलात किंवा दहाव्या जागी पडला होता ती. दोन्ही ढिगांतून ७०च्या आतली अंतरं बाजूला काढा. ती निव्वळ नशिबाची आहेत आणि इथे चित्र धूसर करतात. उरलेली अंतरं सॉफ्ट पिटीमुळे एका अरुंद पट्ट्यात गर्दी करतात. ७४पासून शक्यता वाढत असेल तर ती गर्दी साधारण ७४ ते ८० या पट्ट्यात दिसते.

काउंटर बरोबर असेल तर दोन्ही ढिगांची गर्दी एकाच जागी असते. बिघाड असेल तर पहिला ढीग चार-पाच पुलांनी पुढे सरकलेला दिसतो. मग पहिल्या ढिगातल्या प्रत्येक अंतरातून, आधीच्या टेन-पुलमध्ये पाच-स्टारनंतर उरलेले पुल वजा करा: पाच-स्टार तिसरा असेल तर ७, आठवा असेल तर २. वजा केल्यावर गर्दी दुसऱ्या ढिगावर नेमकी बसली, तर कारण हेच आहे. दर ढिगात दहा-पंधरा अंतरं असली की हे दिसू लागतं. एकट्याकडे एवढी नसतील तर मित्रांच्या शीट मागवा. खेळ एकच असला तर अंतरं खुशाल एकत्र करता येतात.

बाकीचे बिघाड, थोडक्यात

चार-स्टार पडला तरी पाच-स्टारचा काउंटर शून्य होणं हा सगळ्यात महागात पडणारा बिघाड. दर दहा पुलांत चार-स्टारची हमी असते, त्यामुळे पाच-स्टारचा काउंटर दहाच्या पुढे जातच नाही आणि हमी कधीच लागत नाही. एकूण दर १.४३ वरून थेट ०.६वर येतो, सरासरी अंतर ७० वरून १६७वर. मात्र हा फार काळ लपत नाही. प्रत्येक फेरी ९०पलीकडे जाण्याची शक्यता ५८ टक्के असते, दोन-तीन फेऱ्यांत तो दिसतोच.

बॅनर बदलताना काउंटर शून्य होणं ओळखायला, बॅनर बदलण्याच्या तारखेवरून जाणारी अंतरं तेवढी तपासा. त्याआधी पायरी १मधला नियम पुन्हा वाचा. काही खेळांत पॉइंट साठवून वस्तू घ्यायची सोय असते आणि ते पॉइंट बॅनर संपताच जाणार असं आधीच लिहिलेलं असतं. ग्रॅनब्लू फँटसीने २०१६ साली जपानमध्ये ३०० पुलांची मर्यादा आणली, त्याच घराण्यातली ही पद्धत. ती तुम्हाला पटत नसेल, पण तिला बिघाड म्हणता येत नाही.

आणखी एक गैरसमज फिफ्टी-फिफ्टीचा, म्हणजे पडलेला पाच-स्टार बॅनरवरचाच असण्याची शक्यता निम्मी असण्याचा. बॅनरवरचं पात्र न मिळता दुसराच पाच-स्टार मिळाला तरी काउंटर शून्य होणं नियमाला धरूनच आहे. पुढच्या वेळी बॅनरवरचं पात्र मिळण्याची हमी वेगळ्या खुणेत साठवलेली असते. शीटमध्ये त्यासाठी एक रकाना ठेवा, म्हणजे ती खूण पुसली गेली तर कळेल.

पायरी ५: खेळ बनवणाऱ्या बाजूला असाल तर

टेस्टिंगला नवीन लागलेल्या मुलामुलींना पहिलं काम बहुतेक वेळा हेच मिळतं: लाख पुल चालवा आणि दर जाहीर आकड्याशी जुळतो का बघा. टेन-पुलचा बिघाड या चाचणीतून सटकतो. पुढचा कोड चालवून बघा:

```python
import random

def run(batches, carry):
    pity = gap = hits = worst = 0
    for _ in range(batches):
        won = False
        for _ in range(10):
            pity += 1
            gap += 1
            if pity >= 90 or random.random() < 0.006:
                hits += 1
                worst = max(worst, gap)
                pity = gap = 0
                won = True
        if won and not carry:
            pity = 0
    return hits / (batches * 10), worst

print(run(100_000, True))
print(run(100_000, False))
```

`carry` खरं असेल तर उरलेले पुल मोजले जातात, खोटं असेल तर टेन-पुलच्या शेवटी काउंटर पुसला जातो. पहिल्या ओळीत दर ०.०१४३च्या आसपास येतो, दुसऱ्यात ०.०१४१च्या. एवढ्या फरकाला कुठलाही डॅशबोर्ड लाल दिवा दाखवत नाही, आणि लाख पुलांच्या चाचणीत तो नशिबाच्या चढउतारात बुडून जातो. दुसरा आकडा मात्र पहिल्या ओळीत ९० आणि दुसऱ्यात ९९. इथे `gap` ही मोजणी `pity`पासून वेगळी ठेवली आहे, हे नीट बघा. चाचणीने सर्व्हरचाच काउंटर वाचला तर सर्व्हर म्हणेल "९०", आणि चाचणी पास होईल. अंतर नेहमी निकालांच्या नोंदीवरून स्वतंत्र मोजायचं.

म्हणून चाचणीत दराबरोबर दोन अटी घाला. एक, कुठलंही अंतर मर्यादेपेक्षा मोठं नसावं. दोन, टेन-पुलमध्ये पाच-स्टार `k`व्या जागी एकटाच पडला तर नंतर काउंटर `10 - k` असावा; `k` १ ते १० सगळे जबरदस्तीने घडवून बघा. मग टेन-पुल आणि एकेरी पुल मिसळून तेच पुन्हा करा, कारण या दोन्हींचे कोड पुष्कळदा वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात.

पायरी ६: सापडलं तर तक्रार कशी लिहायची

"तुमचे दर खोटे आहेत" असं लिहू नका. असं लिहा: "अमुक तारखेला अमुक वेळेच्या टेन-पुलमध्ये तिसऱ्या जागी पाच-स्टार मिळाला. त्यानंतरचा पाच-स्टार अमुक वेळी मिळाला. मधलं अंतर ९७ पुल. तुमच्या बॅनरच्या नियमात ९० लिहिलं आहे." सोबत खेळातला यूआयडी, नियमाच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि इतिहासाच्या त्या सगळ्या पानांचं स्क्रीन रेकॉर्डिंग. शीट जोडा, पण मुख्य पुरावा खेळातल्याच इतिहासाचा ठेवा, कारण तो कंपनीला आपल्या सर्व्हरवर पडताळता येतो.

पैसे भरून पुल केले असतील तर वेळेकडे लक्ष असू द्या. गुगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती थेट गुगलकडे करता येते, नंतर खेळाच्या कंपनीकडेच जावं लागतं. ॲपलसाठी `reportaproblem.apple.com` हे पान आहे. दोन्ही स्टोअरच्या नियमांत, नशिबाने मिळणाऱ्या अशा वस्तू विकणाऱ्या खेळांनी शक्यता खरेदीच्या आधी दाखवायला हव्यात असं लिहिलेलं आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे गाचा, पिटी हे शब्द समजावत बसू नका. "९० खरेदींत वस्तू देण्याची लेखी हमी होती, ९० झाल्यावरही दिली नाही" एवढं पुरतं.

अशा तक्रारी कुठवर जाऊ शकतात हे दक्षिण कोरियात दिसलं. तिथल्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. मेपलस्टोरी या खेळातल्या क्यूब नावाच्या वस्तूच्या शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्या, काही जोड्यांची शक्यता तर शून्यच केली, असा ठपका होता. त्याच वर्षी २२ मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. तिथला प्रश्न काउंटरचा नव्हता, पण छापलेला आकडा आणि सर्व्हरवरचा आकडा वेगळे असणं हा मुद्दा तोच.

कंपनीने चूक मान्य केली तर बहुतेक वेळा सगळ्यांना सारखेच थोडे पुल वाटले जातात. तेवढ्यावर गप्प बसू नका. तुमच्या शीटवरून तुमचे नेमके किती पुल मोजणीतून गेले ते काढता येतं: टेन-पुलच्या मधे पडलेल्या प्रत्येक पाच-स्टारनंतर उरलेले पुल, त्यांची बेरीज. तो आकडा लिहून, तेवढी वाढ काउंटरमध्ये करून मागा. अपडेट आल्यावर पहिला पाच-स्टार टेन-पुलच्या मधे पडेल तेव्हा थांबा, पुढचे पुल एकेक करा आणि E रकाना ९०च्या आत थांबतो का ते बघा.